पावणेसात सेंटिमीटरात कांद्याचा भाव

एखाद्या वेबसाइटच्या दोन मांडण्या तयार झाल्या की कोणती ठेवायची हे बहुतेक वेळा लॅपटॉपसमोर बसून ठरतं. दोन्हींचे मोबाइलवरचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले जातात, चार जण ते पाहतात आणि 'ही जास्त सुटसुटीत वाटते' एवढ्यावर निकाल लागतो. चूक तिथेच होते. ७२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट साध्या लॅपटॉपवर पूर्ण आकारात उघडला, तर तो फोनवर दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद होतो. फोनवर डोळे बारीक करून वाचावी लागणारी ओळ तिथे स्वच्छ वाचता येते, अंगठ्याला न सापडणारं बटण माउसच्या बाणाला सहज सापडतं. मग तुलना होते ती मांडण्यांच्या चित्रांची. हातात धरून वापरायच्या पानाची तुलना बाजूलाच राहते.

ही तुलना नीट कशी करायची हे समजून घेण्यासाठी एक पान घेऊ. वेगवेगळ्या बाजार समित्यांतले कांद्याचे आजचे भाव दाखवणारं पान. ते पाहणारा माणूस बहुधा घरी टेबलाशी बसलेला नसतो. माल भरून झालेला असतो किंवा भरायचा असतो, ऊन असतं, फोन एका हातात असतो. त्याला कळायला हवं ते एवढंच, की आज कुठे काय दर निघाला आणि गाडी कुठे न्यावी. या पानाच्या दोन मांडण्या आहेत असं धरू.

पहिली तक्त्याची. बाजार समिती, प्रत, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे सहा रकाने, एकाखाली एक ओळी. वर वेबसाइटचं नाव आणि मेनू, त्याखाली सरकत जाणारी सूचनांची पट्टी, तळाला चिकटून राहिलेली जाहिरात. दुसरी मांडणी कार्डांची. प्रत्येक बाजार समितीचा वेगळा चौकोन, त्यात सर्वसाधारण दर ठळक, खाली किमान आणि कमाल दर, कोपऱ्यात फिकट राखाडी रंगात तारीख आणि उजवीकडे 'तपशील' हा शब्द.

लॅपटॉपवर पाहिलं तर दुसरी मांडणी पहिल्या फेरीतच जिंकते. पण आधी दोन्हींना समान वागणूक मिळाली आहे का, ते पाहायला हवं. स्क्रीनशॉट एकाच फोनवर, एकाच ब्राउझरमध्ये आणि अक्षरांचा आकार सारखाच ठेवून घेतलेले हवेत. पानावरची माहितीही तीच हवी, आणि ती सोयीची निवडलेली नको. नमुन्याच्या पानावर नावं टाकताना 'पुणे', 'सोलापूर' अशी आटोपशीर नावं टाकायची सवय असते, त्यात सगळ्याच मांडण्या छान दिसतात. खऱ्या यादीत 'छत्रपती संभाजीनगर' असतं, 'पिंपळगाव बसवंत' असतं. लासलगावच्या मुख्य बाजाराबरोबर 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' हे तिचे उपबाजारही असतात. मांडणीचा कस लागतो तो या नावांवर.

आता मोजमाप. त्यासाठी हातातला फोन मिलिमीटरमध्ये ओळखता आला पाहिजे. साडेसहा इंची पडद्याचा, ७२० बाय १६०० पिक्सेलचा स्वस्त अँड्रॉइड फोन घेतला, तर त्याच्या पडद्याची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर भरते, म्हणजे पावणेसात सेंटिमीटर. वेबसाइट बनवणारे जी मापं वापरतात त्या हिशेबाने हाच पडदा बहुधा ३६० बाय ८०० चा असतो, कारण फोन त्यांचा एक पिक्सेल स्वतःच्या दोन पिक्सेलांनी रंगवतो. हा दुपटीचा हिशेब विसरला की सगळी गणितं चुकतात. स्क्रीनशॉटवर एखादं बटण ४८ पिक्सेल उंच भरलं, तर डिझाइनच्या मापात ते फक्त २४ असतं आणि बोटाखाली जेमतेम साडेचार मिलिमीटर. या फोनपुरतं एक माप पक्कं ठेवलं की पुरे: स्क्रीनशॉटमधले ९६ पिक्सेल म्हणजे ९ मिलिमीटर.

गणित नको असेल तर स्क्रीनशॉट कागदावर बरोबर ६८ मिलिमीटर रुंदीत छापा आणि शाळेतल्या पट्टीने मोजा. किंवा तो ज्या फोनवर घेतला त्याच फोनच्या गॅलरीत पूर्ण पडदाभर उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. मात्र तो एका फोनवरून दुसरीकडे पाठवताना चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेली प्रतिमा दाबली जाते, अक्षरांच्या कडा धूसर होतात आणि मग तो दोष मांडणीचा की पाठवण्याचा हे सांगता येत नाही.

वाचनीयतेपासून सुरुवात करू. तक्त्यात सहा रकाने मावायचे म्हणून अक्षर ११ पिक्सेलचं ठेवलंय. फॉन्टचा आकडा म्हणजे अक्षराची उंची नव्हे. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागा त्यातच धरलेली असते. स्क्रीनशॉट मोठा करून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजलं तर तक्त्यातलं अक्षर साधारण सव्वा मिलिमीटर भरतं. कार्डांमध्ये १७ पिक्सेलचं अक्षर आहे, ते पावणेदोन ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे दिसायला किरकोळ. पण देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला भेद एका छोट्या गाठीवर किंवा रेषेच्या तुटण्यावर ठरतो आणि सव्वा मिलिमीटरात ती गाठ भरून जाते. इंग्रजीसाठी केलेली मांडणी भाषा बदलून तशीच मराठीत आणली की आधी त्रास होतो तो इथेच.

दुसरा त्रास ओळीच्या उंचीचा. तक्त्यात ओळी दाटीने बसवलेल्या आहेत आणि रकान्यात न मावणारा मजकूर कापून पुढे तीन टिंबं दिली आहेत. रोमन लिपीत यातून शब्दाचा शेवट जातो, एवढंच. देवनागरीत रकान्याची खिडकी अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशीही कात्री चालवते. 'पिंपळगाव'वरचा अनुस्वार उडतो, 'सोलापूर'मधला दीर्घ उकार अर्धा कापला जातो. देवनागरीसाठी ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी ठेवावी, असं माझं मत आहे. त्याहून कमी ठेवायची असेल तर 'र्ती', 'द्ध्रू' अशी वर-खाली पसरणारी अक्षरं टाकून पाहावीत आणि मगच ठरवावं.

पण तक्त्यातला सगळ्यात गंभीर दोष या मापांत सापडत नाही, तो खरी नावं टाकल्यावर सापडतो. सत्तावन्न पिक्सेलांच्या रकान्यात 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' या तिन्ही ओळींत नावाची सुरुवात तेवढी उरते. शेपट्या कापल्या जातात आणि तीन वेगळ्या बाजारांचे दर एकाच नावाखाली दिसतात. असं पान अवघडच नाही, चुकीची माहिती देणारं आहे. छोट्या पडद्यावरच्या दोषांत हा मी सगळ्यांत वरचा मानतो, कारण वाचणाऱ्याला आपण चुकीचं वाचतोय याचा पत्ताही लागत नाही.

कार्डांची मांडणी वाचायला सरस, पण निर्दोष नाही. कोपऱ्यातली तारीख #999999 या राखाडी रंगात आहे. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराचा रंगभेद २१ ला १ असतो. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी या नावाचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ मागतात. या राखाडीचा रंगभेद २.८५ ला १ आहे. खोलीत तो सौम्य, नेटका दिसतो. उन्हात नाहीसा होतो. आणि नाहीशी होते ती नेमकी तारीख. बाजारभावाच्या पानावर दर कालचा आहे की आजचा हे न दिसणं म्हणजे दरच न दिसणं. राखाडीच हवा असेल तर #595959 वापरावा, तो ७ ला १ पर्यंत जातो. स्क्रीनशॉटवरून रंग मोजताना अक्षराच्या कडेवर टिचकी मारू नये, कारण कडांचे पिक्सेल मुद्दाम मधल्या छटेत रंगवलेले असतात. दांड्याच्या मध्यावरचा गडद पिक्सेल घ्यावा.

आता बोट. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांच्या सहभागातून २००६ मध्ये एक अभ्यास झाला होता. एका हातात उपकरण धरून त्याच हाताच्या अंगठ्याने बटणं दाबताना ती किती मोठी असावीत, हा त्याचा विषय. निष्कर्ष असा होता की एकेकट्या बटणासाठी ९.२ मिलिमीटर आणि आकडे टाइप करण्यासारख्या सलग कामासाठी ९.६ मिलिमीटर पुरेसे व्हावेत. आज अँड्रॉइडसाठी गूगल ४८ बाय ४८ एककांचं माप सुचवतं, ते साधारण ९ मिलिमीटर होतं. अॅपलचं माप ४४ बाय ४४ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये मात्र किमान अट २४ बाय २४ पिक्सेलांचीच आहे. तिच्यात एक सवलतही आहे: बटण छोटं असलं तरी त्याच्या मध्यावर २४ पिक्सेल व्यासाचं वर्तुळ काढलं आणि ते शेजारच्या बटणाच्या वर्तुळाला किंवा बटणाला लागलं नाही, तर चालतं.

ही वर्तुळं स्क्रीनशॉटवर खरोखर काढता येतात, फोटो एडिटरमध्ये किंवा छापील कागदावर पेन्सिलीने. तक्त्यात प्रत्येक बाजार समितीचं नाव ही लिंक आहे आणि ओळी २२ पिक्सेलांच्या अंतराने येतात. वर्तुळ २४ चं, अंतर २२ चं, म्हणजे प्रत्येक वर्तुळ वरच्या-खालच्या वर्तुळावर चढतं. तक्ता इथे किमान अटीतही नापास. मोजून पाहिलं तर ओळ सुमारे चार मिलिमीटर उंच आहे, अंगठ्याखाली दोन ओळी सहज येतील. विंचूर दाबायला जावं आणि निफाड उघडावं, असं होणारच.

याच तक्त्याच्या वर शोध, शेअर आणि मेनू अशी तीन चिन्हं आहेत, प्रत्येकी २० पिक्सेलांची आणि मध्ये ८ पिक्सेलांची फट. एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत २८ पिक्सेल. वर्तुळं एकमेकांना लागत नाहीत, म्हणजे सवलत मिळाली, उत्तीर्ण. पण २८ पिक्सेल म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. ९ मिलिमीटर मागणाऱ्या अंगठ्याला तिथे नेमकं चिन्ह साधणार नाही. २४ ची अट ही 'याहून खाली जाऊच नका' अशी रेषा आहे. तिला सोयीचं माप समजून 'निकषांत बसतंय' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना हाच हिशेब दाखवावा.

इथपर्यंत कार्डं पुढे आहेत. १३२ पिक्सेल उंचीचं कार्ड म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर, हे कुणाच्याही बोटाला चुकणार नाही. मात्र ही खात्री स्क्रीनशॉट देऊ शकत नाही. स्क्रीनशॉटमध्ये दिसतो तो आकार, दाबता येणारी जागा दिसत नाही. कधी २४ पिक्सेलांच्या छोट्या चिन्हाभोवती न दिसणारी मोकळी जागा जोडून ते ४८ चं केलेलं असतं, आणि कधी अख्खं कार्ड बटणासारखं दिसत असतं पण चालतो फक्त त्यातला एक शब्द. आपल्या मांडणीत हेच झालंय. लिंक आहे ती 'तपशील' या शब्दावरच, ४० बाय २० पिक्सेल, उंचीला पावणेचार मिलिमीटर. आसपास दुसरं बटण नसल्यामुळे ती वर्तुळाच्या सवलतीत बसते. पण माणूस कार्डाच्या मध्यावर टेकवतो, काही घडत नाही, तो पुन्हा टेकवतो आणि पान अडकलंय समजून बंद करतो.

हे ओळखायला प्रोग्रामर लागत नाही. कार्डावर वेगवेगळ्या जागी बोट दाबून धरा. लिंकचा मेनू जिथे उघडतो ती जागा चालती, बाकीची सजावट. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पडद्याचं रेकॉर्डिंग करताना स्पर्श दाखवण्याची सोय असते. ती सुरू करून तीनचार वेगळ्या माणसांना एकच काम करायला दिलं, की बोट कुठे पडलं आणि पान कुठे हललं हे ठिपक्यांसकट दिसतं. स्क्रीनशॉटच्या तुलनेला अशा एका रेकॉर्डिंगची जोड हवीच.

उरली गर्दी. ही मोजायला सगळ्यांत कठीण. एमआयटीत रूथ रोझेनहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी चित्रातल्या गर्दीचं गणिती माप काढण्यावर काम केलं आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रंग, उजेड आणि दिशा यांची चढउतार एका जागी किती दाटली आहे, यावर त्यांचं एक माप आधारलेलं आहे. घरच्या घरी त्याची साधी आवृत्ती करता येते. दोन्ही स्क्रीनशॉट फोटो एडिटरमध्ये धूसर करा, अक्षरं वाचता येणार नाहीत इतके, आणि आधी कुठे नजर जाते ते पाहा. तक्त्याच्या चित्रात नजर तळाच्या जाहिरातीकडे जाते, मग वरच्या रंगीत पट्टीकडे. मधला तक्ता सपाट करडा होऊन जातो. कार्डांच्या चित्रात चार ठळक डाग दिसतात आणि ते चारही दरांचे असतात.

जागाही मोजू. वरची सूचनापट्टी, ब्राउझरची पत्त्याची पट्टी आणि खालची बटणं वजा केली तर ८०० पैकी सुमारे ६७० पिक्सेल पानाला मिळतात. तक्त्याच्या मांडणीत शीर्षकाला ९६, सरकत्या पट्टीला २८ आणि जाहिरातीला ६० जातात. म्हणजे पाव भागाहून जास्त पडदा भाव सोडून इतर गोष्टींना. शिवाय ती पट्टी सतत सरकत असते, जे स्क्रीनशॉटमध्ये दिसतच नाही, आणि जाहिरात उशिरा येऊन मजकूर ढकलत असेल तर तेही दिसत नाही. म्हणून पान उघडताच एक आणि सगळं स्थिरावल्यावर एक, असे दोन स्क्रीनशॉट घ्यावेत. दोन्हींत एकच ओळ वेगळ्या उंचीवर दिसली, तर बोट टेकवण्याच्या क्षणी ती निसटणार हे नक्की.

आणि तरीही गर्दीच्या मुद्द्यावर मी कार्डांना विजयी ठरवणार नाही. तक्त्यात रकान्यांची नावं वजा करून एका नजरेत सुमारे वीस बाजार दिसतात. कार्डांमध्ये गाळणीची पट्टी सोडली तर चार. गाडी कुठे न्यावी हे ठरवणाऱ्याला दर एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. चार कार्डं पाहायची, वर सरकवायची, आधीचा आकडा लक्षात ठेवायचा, पुन्हा खाली यायचं, हे त्याच्यासाठी वाचायला बारीक असलेल्या तक्त्याइतकंच त्रासाचं आहे. पानावरची मोकळी जागा तिथे आलेल्या माणसाच्या कामाला उपयोगी पडली तर चांगली, नाही तर ती नुसती जागा. गर्दीचा निवाडा स्क्रीनशॉट पाहून करायचा नसतो, हातात काम घेऊन करायचा असतो: लासलगाव - विंचूर आणि सोलापूर यांत आज कुठे जास्त दर आहे, हे शोधा.

या दोन मांडण्यांच्या तुलनेतून मला तिसरी योग्य वाटते. ६४ पिक्सेल उंचीच्या ओळी, म्हणजे १२ मिलिमीटर. डावीकडे १६ पिक्सेलांत बाजाराचं पूर्ण नाव, न कापता. त्याखाली लहान पण गडद अक्षरात प्रत आणि आवक. उजव्या कडेला सर्वसाधारण दर ठळक, एकाखाली एक नीट जुळलेला, त्याच्या खाली किमान ते कमाल. अख्खी ओळ दाबता येणारी. तारीख प्रत्येक ओळीत नको, एकदाच वर, काळ्या अक्षरात. सरकती पट्टी नको. अशा मांडणीत एका पडद्यावर आठ बाजार बसतात. वीस नाहीत, पण ते आठ वाचता येतात, ताडता येतात आणि चुकीचा उघडत नाही.

ती अंतिम करण्याआधी आणखी एक स्क्रीनशॉट घ्या: ब्राउझरच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या फोनवर ते तसंच असतं. तक्त्याची मांडणी या परीक्षेत पहिल्या पायरीवरच मोडते, 'सर्वसाधारण' हा मथळा शेजारच्या रकान्यात घुसतो. तिसऱ्या मांडणीत ओळीची उंची ठोकून बसवलेली नसेल, तर ती वाढते आणि आठऐवजी सहा बाजार दिसतात, एवढंच होतं.

तुमच्या रोजच्या वापरातलं एखादं पान असं त्रासाचं असेल, तर ते चालवणाऱ्यांना 'साइट नीट नाही' एवढंच लिहून थांबू नका. फोनचं मॉडेल, अक्षराचं सेटिंग, दाबायची जागा किती मिलिमीटरची निघाली आणि कोणतं काम करायचं होतं, हे चार ओळींत लिहून मूळ आकारातला स्क्रीनशॉट जोडा. त्यावर दुरुस्ती करता येते.